फ्रिज बिघडला, पैसे परत हवेत: पहिल्याच ईमेलमध्ये तारीख आणि पुरावा कसा पक्का बसवायचा

ओळखीतले लोक मला तक्रारीचे ईमेल वाचायला पाठवतात, आणि त्यातल्या बहुतेकांची सुरुवात "मी तुमचा गेली दहा वर्षं ग्राहक आहे, पण आज अत्यंत खेदाने" अशी असते. मग दोन परिच्छेद मनस्ताप, मग कस्टमर केअरला किती वेळा फोन केला त्याची कहाणी, आणि शेवटी "कृपया लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करावी". आता पलीकडे बसलेल्या माणसाने यातून नेमकं काय करायचं? लवकरात लवकर म्हणजे कधी, योग्य ती म्हणजे कोणती, काहीच लिहिलेलं नाही, मग तो त्याच्या सोयीने ठरवतो की योग्य कार्यवाही म्हणजे अजून एकदा टेक्निशियन पाठवणं. आणि तो चुकीचं काही करत नाहीये बरं का, तुम्हीच त्याला मोकळीक दिलीत.

खरी अडचण मुदतीची आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापार प्रथांची जी यादी आहे, कलम २(४७), तिच्यात एक बाब अशी आहे की सदोष माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथा धरली जाते. मुदत बिलावर छापली असेल तर ती, आणि छापलीच नसेल तर तीस दिवस. पण हे तीस दिवस कधीपासून मोजायचे ते त्या वाक्यात सांगितलेलं नाही. फोनवर बोललात तेव्हापासून? टेक्निशियन आला तेव्हापासून? यावर वाद घालायला कंपनीला वाव राहतो, आणि तुमचा पहिला लेखी ईमेल तो वाव बंद करू शकतो. म्हणून तो ईमेल म्हणजे तक्रार कमी आणि घड्याळ जास्त असं मी धरून चालतो. अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक पत्त्यावर मी पैसे मागितले, ते अमुक तारखेपर्यंत यायला हवेत, आणि माल सदोष आहे हे दाखवणारे कागद सोबत आहेत, बस.

उदाहरण घेऊनच बोलू म्हणजे हवेत राहणार नाही. डोंबिवलीला माझी आत्येबहीण राहते. तिने एका मोठ्या ऑनलाइन साइटवरून २६० लिटरचा डबल डोअर फ्रिज घेतला, ३१,४९० रुपयांना, पैसे यूपीआयने दिले. २४ एप्रिल २०२५ ला फ्रिज घरी आला, २५ ला चालू केला. २८ ला सकाळचं दूध संध्याकाळी नासलं तेव्हा लक्षात आलं की वर बर्फ कसाबसा धरतोय आणि खाली नुसती सावली आहे. २९ ला ब्रँडच्या कस्टमर केअरला फोन. साइटवर बदलून द्यायची मुदत डिलिव्हरीपासून दहा दिवस होती, म्हणून २ मेला तिने अ‍ॅपवर रिप्लेसमेंटची विनंती टाकली, ती "ब्रँडशी संपर्क करा" म्हणून नाकारली गेली. ३ मेला टेक्निशियन आला, जॉबशीटवर लिहून गेला की कूलिंग कमी, गॅस लीकची शक्यता, पार्ट मागवला. ८ मेला दुसरा आला, गॅस भरला. १० मेला परत तेच. मग १२ मेला, सोमवारी, आम्ही ईमेल लिहायला बसलो.

आधी पाठवायचं कोणाला ते बघू, कारण इथेच निम्मे ईमेल वाया जातात. ऑनलाइन खरेदीत तिघं असतात. एक साइट, एक ब्रँड, आणि एक तो विक्रेता ज्याचं नाव आणि जीएसटी नंबर बिलावर असतो आणि जे नाव आपण बिल उघडेपर्यंत ऐकलेलंही नसतं. माल विकला त्या विक्रेत्याने, पैसे घेतले साइटने, वॉरंटी दिली ब्रँडने, त्यामुळे तिघांना वेगवेगळे ईमेल केले की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि तुम्ही मध्ये फुटबॉल. एकच ईमेल करा, विक्रेता आणि साइट यांना मुख्य पत्त्यात ठेवा, ब्रँडला सीसीमध्ये, आणि कोणाकडून काय हवं ते आत एका वाक्यात लिहा.

आणि पत्ता कोणता? ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सांगतात की साइटने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव आणि संपर्क साइटवर दाखवायचा, त्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि मिळाल्यापासून एका महिन्यात तिचं निवारण करायचं. विक्रेत्यालाही असाच अधिकारी नेमावा लागतो. साइटच्या अगदी तळाशी ग्रीव्हन्स म्हणून बारीक अक्षरात जे असतं ते हेच, तो पत्ता शोधून काढा. ऑर्डरचा मेसेज ज्या नो-रिप्लाय पत्त्यावरून आला त्यालाच उत्तर देऊन मोकळे होऊ नका. याला कायद्याचंही कारण आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ प्रमाणे समोरच्याने ईमेल घ्यायला एखादा पत्ता ठरवून दिला असेल तर त्या पत्त्याच्या सिस्टिममध्ये ईमेल शिरला की तो मिळाला असं धरलं जातं, उघडला की नाही हा प्रश्न नाही. तोच ईमेल भलत्या पत्त्यावर गेला तर समोरच्याने तो खरंच काढून घेतला तेव्हा मिळाला असं धरतात. म्हणजे एका ठिकाणी तुमचं घड्याळ त्याच मिनिटाला चालू, दुसऱ्या ठिकाणी कधी चालू होईल ते त्यांच्या हातात.

काही साइट ईमेलचा पत्ता देतच नाहीत, फक्त फॉर्म देतात. मग फॉर्म भरा, पण मजकूर आधी स्वतःकडे लिहून ठेवा, तोच तिथे पेस्ट करा, सबमिट झाल्यावर तिकीट नंबर येतो त्या स्क्रीनचा फोटो काढा आणि तोच मजकूर ब्रँडच्या कस्टमर केअरच्या ईमेलवर तो नंबर घालून पाठवा. चॅटवरची बोलणी मी पुराव्यात फार मोजत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी विंडो बंद केली की ती तुमच्याकडून गायब होतात. ठेवायचीच असतील तर बोलणं चालू असतानाच स्क्रीनशॉट घ्या.

(दुकानातून घेतलेल्या वस्तूला हे ४८ तास आणि एक महिना लागू नाही हे लक्षात असू द्या, तिथे बिलावरची मुदत किंवा कायद्यातले ते तीस दिवस एवढंच हातात असतं. बाकी ईमेलची मांडणी तीच.)

आता विषयाची ओळ. "फ्रिजबद्दल तक्रार" असं लिहू नका. त्या माणसाच्या इनबॉक्समध्ये अशा शेकडो असतील. ताईच्या ईमेलचा विषय असा होता, आणि तो मी मुद्दाम लांब ठेवायला सांगितला:

सदोष फ्रिज, ऑर्डर क्र. (इथे नंबर), ३१,४९० रुपयांचा परतावा १२ जून २०२५ पर्यंत

वस्तू, ऑर्डर, रक्कम, तारीख. पुढे या थ्रेडमध्ये कितीही उत्तरं आली तरी प्रत्येक उत्तरावर ती तारीख आपोआप छापली जाते, समोरचा माणूस बदलला तरी. म्हणूनच विषय मध्येच बदलायचा नाही आणि प्रत्येक वेळी नवीन ईमेल सुरू करायचा नाही, त्याच थ्रेडला उत्तर देत राहायचं.

पहिला परिच्छेद फोनच्या एका स्क्रीनवर मावला पाहिजे, आणि त्यात इतिहास नको, मागणी हवी. ताईने ईमेल इंग्रजीत पाठवला कारण त्या टेबलांवर इंग्रजी लवकर वाचलं जातं, इथे मराठीत देतोय:

"आपल्याकडून घेतलेला खालील फ्रिज सदोष आहे आणि दोनदा तपासणी व दुरुस्ती होऊनही तो थंड करत नाही. मला बदली किंवा आणखी दुरुस्ती नको आहे. ३१,४९० रुपयांची पूर्ण रक्कम ज्या यूपीआय खात्यातून दिली त्याच खात्यात गुरुवार, १२ जून २०२५ संध्याकाळी ६ वाजेपर्यंत जमा करावी. या तक्रारीची पोच व तक्रार क्रमांक बुधवार, १४ मे २०२५ सकाळी ११ पर्यंत कळवावा."

यातली प्रत्येक गोष्ट कशासाठी आहे ते सांगतो. "दुरुस्ती, बदली किंवा परतावा यापैकी काहीही चालेल" असं लोक सभ्यपणाने लिहितात, आणि अर्थातच समोरचा सगळ्यात स्वस्त पर्याय उचलतो, तो म्हणजे दुरुस्ती. तुम्हाला पैसे हवेत ना, मग पैसेच मागा. "ज्या खात्यातून दिले त्याच खात्यात" हे शब्द नसतील तर परतावा म्हणून साइटच्या वॉलेटमध्ये पैसे टाकतात, आणि मग ते पैसे तिथेच खर्च करायला लागतात. ताईलाही आधी वॉलेटचीच ऑफर आली होती, पण ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं म्हणून एका ओळीत नाही म्हणता आलं. ईएमआयवर घेतलं असेल तर बँकेचं कर्ज बंद करून द्यायचं हेही याच वाक्यात घाला, नाहीतर साइट म्हणते परतावा केला आणि बँक हप्ता कापत राहते.

आता तारीख, कारण सगळा खेळ तिचाच आहे. "तीस दिवसांत" किंवा "पंधरा कामाच्या दिवसांत" असं लिहिलं की मोजणी सुरू होते, आजचा दिवस धरायचा का, शनिवार धरायचा का, ईमेल तुम्ही पाठवला त्या दिवसापासून की आम्ही तिकीट काढलं त्या दिवसापासून. म्हणून वार, तारीख, महिना, वर्ष आणि वेळ. ईमेल १२ मेला सकाळी ११ ला गेला. कायद्यातले तीस दिवस मोजले तर ११ जून येतो, नियमातला एक महिना मोजला तर १२ जून, मग दोन्हींपैकी उशिराची तारीख घेतली, म्हणजे "अजून आमची मुदत संपली नव्हती" असं म्हणायला कोणी उरणार नाही. बिलावर जर परताव्याची वेगळी मुदत छापलेली असेल तर तीस दिवसांच्या जागी ती मोजा, म्हणून ईमेल लिहायच्या आधी बिलाची मागची बाजू आणि पीडीएफचं शेवटचं पान वाचा, कोणी वाचत नाही.

मे महिन्यात फ्रिजशिवाय महिनाभर थांबायचं का, असं ताईने विचारलंच. बरोबर आहे तिचं. तुम्ही सात दिवसही मागू शकता, मागण्यावर बंदी नाही, आणि बऱ्याचदा आधी पैसे येतातही. पण सात दिवसांची मुदत उलटली म्हणून त्यांनी कायदा मोडला असं होत नाही, आणि आठव्या दिवशी तुमच्याकडे पुढची पायरी नसेल तर ती तारीख नुसती धमकी ठरते, मग पुढच्या तारखेलाही कोणी भीक घालत नाही. मी एकच पैशांची तारीख ठेवतो आणि ती अशी की ती उलटली की खरंच काहीतरी करता येईल. घाई दाखवायला ४८ तासांची पोच आहेच.

पहिल्या परिच्छेदानंतर वस्तूची ओळख एका ओळीत. मॉडेल नंबर, सीरियल नंबर, बिल नंबर, बिलाची तारीख. सीरियल नंबर फ्रिजच्या आतल्या भिंतीवरच्या किंवा मागच्या स्टिकरवर असतो. बऱ्याच बिलांवर फक्त मॉडेल असतं, सीरियल नसतो, आणि मग "हा तोच फ्रिज कशावरून" असा प्रश्न पुढे निघू शकतो, त्यामुळे स्टिकरचा फोटो लागतोच.

मग घटनाक्रम, आणि इथे हात आखडता घ्यायचा. एका घटनेला एक ओळ, सुरुवातीला तारीख, शेवटी पुरावा नंबर. असं:

"२ मे २०२५: दहा दिवसांच्या मुदतीत अ‍ॅपवर बदलीची विनंती केली, ती नाकारण्यात आली (पुरावा ३).
३ मे २०२५: ब्रँडच्या टेक्निशियनने जॉबशीटवर 'कूलिंग कमी, गॅस लीकची शक्यता' असं नोंदवलं (पुरावा ४).
८ मे २०२५: गॅस भरला (पुरावा ५).
१० मे २०२५: सकाळी ६:३० ला मधल्या कप्प्यात तापमान १३.६ अंश (पुरावा ६)."

तारखेशेजारीच पुरावा. लोक वर सगळी कथा लिहितात आणि खाली "सोबत फोटो जोडले आहेत" म्हणून चौदा फोटो टाकतात, ज्यांची नावं नुसते आकडे असतात. कोणता फोटो कोणत्या वाक्याचा हे शोधायचं काम तुम्ही वाचणाऱ्यावर टाकलंत की तो शोधत नाही. ताईच्या फाइलींची नावं आम्ही अशी ठेवली:

```
01_Invoice.pdf
02_SerialNumber.jpg
03_ReplacementRefused_2May.png
04_JobSheet_3May.jpg
05_JobSheet_8May.jpg
06_Temperature_10May.mp4
```

सहाच. चौदातले आठ फोटो नासलेल्या भाजीचे होते, ते काढून टाकले, कारण नासलेली भाजी फ्रिजचं तापमान सांगत नाही.

या सहांत सगळ्यात वजनदार म्हणजे जॉबशीट, कारण तो कंपनीच्याच माणसाने लिहिलेला कागद आहे. तुम्ही म्हणालात थंड होत नाही तर ते तुमचं म्हणणं, त्याने लिहिलं कूलिंग कमी तर ते त्यांचं म्हणणं. म्हणून टेक्निशियन निघायच्या आधी, सही करायच्या आधी, जॉबशीट वाचा आणि फोटो काढा. हल्ली बऱ्याच ठिकाणी कागदच नसतो, तो फोनवर कॉल बंद करतो आणि तुमच्याकडे ओटीपी मागतो, त्याला हॅपी कोड म्हणतात. तो ओटीपी दिला की सिस्टिममध्ये तक्रार मिटली अशी नोंद पडते. फ्रिज थंड व्हायला काही तास लागतात त्यामुळे तो म्हणतो "मॅडम, आत्ता गॅस भरलाय, उद्यापर्यंत होईल, कोड द्या, नाहीतर माझं टार्गेट". त्या पोराची कीव येते खरी, पण कोड उद्या फोनवर देते असं सांगा. देऊन बसला असाल तर ईमेलमध्ये तसं स्पष्ट लिहा की ८ मेला कॉल मिटल्याची नोंद झाली तेव्हा फ्रिज तपासून बघायला वेळच मिळाला नव्हता आणि १० मेला दोष तसाच होता.

दुसरा भक्कम पुरावा तापमानाचा व्हिडिओ, आणि तो नीट काढला तर कंपनीची नेहमीची उत्तरं आधीच संपतात. नेहमीची उत्तरं म्हणजे दार सारखं उघडता, गरम वस्तू ठेवता, फ्रिज भिंतीला चिकटवलाय, व्होल्टेज कमी आहे, उन्हाळा आहे. तर आम्ही काय केलं, रात्री फ्रिजमधलं सामान शेजारच्या काकूंकडे हलवलं, मधल्या कप्प्यात पाण्याचा ग्लास ठेवून त्यात साधा थर्मामीटर बुडवला, कूलिंगचं बटण सगळ्यात थंडावर केलं आणि रात्रभर दार उघडलं नाही. पाण्यात ठेवायचं कारण हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, पाण्याचं बदलत नाही. सकाळी एकाच दमात, मध्ये न थांबता व्हिडिओ: आधी स्टॅबिलायझरवरचं व्होल्टेज, मग फ्रिज आणि भिंत यातलं अंतर, मग खोलीतलं तापमान दाखवणारं घड्याळ, त्यावर वेळही दिसते, मग दार उघडून सीरियल नंबरचं स्टिकर, कूलिंगचं बटण, आणि शेवटी थर्मामीटर जवळून. बाहेर ३२, आत १३.६. खालचा कप्पा साधारण ५ अंशांच्या आत राहायला हवा, त्यामुळे यावर फार बोलायला लागत नाही. व्हिडिओत बोलायचंच असेल तर आकडा मोठ्याने वाचा, बाकी काही नको, "बघा कसला भंगार माल दिलाय" अजिबात नको.

व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःला पाठवून मग जोडू नका. व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि केव्हा काढला ती मूळ माहितीही सोबत राहत नाही. फोनमधली मूळ फाइल तशीच ठेवा, ईमेलसाठी वेगळी लहान प्रत करा. जीमेलला एका ईमेलला २५ एमबीची मर्यादा आहे, त्याहून मोठी फाइल असेल तर ते आपोआप ड्राइव्हची लिंक बनवतं, आणि ती लिंक समोरच्याला उघडत नाही किंवा "उघडली नाही" असं सांगायला तरी सोपी पडते. शक्यतो लहान करून जोडाच. पुढे प्रकरण ग्राहक आयोगात गेलं तर फोटो, व्हिडिओ, ईमेल यांच्या प्रतींबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं, म्हणजे हे कोणत्या यंत्रावर आणि कसं तयार झालं ते सांगणारा कागद. तेव्हा तो फोन हाताशी हवा. प्रकरण मिटेपर्यंत फोन एक्सचेंजमध्ये देऊ नका.

एक मोह टाळायचा, तो म्हणजे स्वतः निदान करण्याचा. "कंप्रेसर खराब आहे" असं लिहिलंत आणि कंप्रेसर ठीक निघाला, दोष दुसरीकडे निघाला, तर उत्तर येतं की तपासणीत कंप्रेसर व्यवस्थित आढळला, तक्रार बंद. तुम्ही दिसतं तेवढंच लिहा, तापमान इतकं, इतके तास, अशा परिस्थितीत. कारण लिहायचंच असेल तर जॉबशीटमधलं त्यांचंच वाक्य अवतरणात. आणि गल्लीतल्या मेकॅनिककडून उघडून बघू नका, एक तर वॉरंटी जाते, शिवाय दोष तपासल्याशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकतो, तेव्हा ती आधीच कोणीतरी उघडलेली असली की सगळंच ढिलं पडतं.

घटनाक्रमानंतर कोणाकडून काय, एका दमात: विक्रेत्याने आणि साइटने परतावा करावा, ब्रँडने ३ आणि ८ मेच्या भेटींच्या नोंदी त्यांना द्याव्यात. मग फ्रिज न्यायला कधी येऊ शकता ते दिवस आणि वेळा. हे वाक्य लोक विसरतात, पण "ग्राहक पिकअपला उपलब्ध नव्हता" हे कारण तेच बंद करतं.

मग एक वाक्य जे मला फार कामाचं वाटतं: "आपल्याला पुन्हा तपासणी करायची असल्यास माझी हरकत नाही, परंतु त्यामुळे वरील तारीख पुढे जाणार नाही आणि माझा परताव्याचा हक्क सोडला असा अर्थ होणार नाही." कारण पहिलं उत्तर जवळपास नक्की येतं ते टेक्निशियन पाठवतो असंच. सरळ नकार दिलात तर पुढे तुम्हीच सहकार्य केलं नाही असं दिसतं, हो म्हणालात तर अजून दहा दिवस गेले. या वाक्याने दोन्ही भागतं.

शेवटी पुढची पायरी, पण शांतपणे. "दिलेल्या तारखेपर्यंत रक्कम जमा न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे व जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन." एवढंच. पाच लाख नुकसानभरपाई, पोलीस, मंत्री, सोशल मीडिया, काही नको. पहिल्या ईमेलमध्ये मोठे आकडे आले की तो कस्टमर केअरच्या टेबलावरून लीगलच्या टेबलावर जाऊ शकतो आणि तिथे कोणालाच घाई नसते. कलमं हवी असतील तर दोनच: कायद्याचं कलम २(४७), आणि ई-कॉमर्स नियमांतला नियम ६, ज्यात विक्रेत्याला सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही असं म्हटलंय.

हे सगळं कुठे चालत नाही तेही सांगतो. फ्रिज दोन वर्षं वापरून मग बिघडला तर पूर्ण परतावा मागणारा ईमेल कितीही नीट लिहिला तरी लंगडाच राहतो, कारण वॉरंटीत बहुधा दुरुस्तीचंच वचन असतं, आणि परताव्याची बाजू सुरुवातीलाच दिसलेल्या दोषाला किंवा पुन्हा पुन्हा फसलेल्या दुरुस्तीला बळकट असते. ताईची केस चांगली होती ती यासाठी की दोष चौथ्या दिवशी दिसला आणि दहा दिवसांच्या आत तिने अ‍ॅपवर लेखी विनंती टाकली होती. ती विनंती नाकारली गेली तरी तिचा स्क्रीनशॉट हाच मुदतीत मागितल्याचा पुरावा. तुमची खिडकी अजून उघडी असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ती विनंती टाका.

ईमेल पाठवल्यावर जीमेलमध्ये तो उघडून मेनूतून `Show original` आणि मग `Download original` करा, .eml फाइल मिळते, ती ठेवा. त्यात पाठवल्याची वेळ आणि पत्ते स्क्रीनशॉटपेक्षा जास्त भरवशाने राहतात. पोच आली की तिचीही तशीच. ४८ तासांत पोच नाही आली तर त्याच थ्रेडवर दोन ओळी, "पोच मिळालेली नाही, १२ जून ही तारीख कायम आहे", एवढ्याच.

तारीख उलटली तर दुसऱ्याच दिवशी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची, फोन १९१५ किंवा त्यांची साइट. ते मध्यस्थी करतात, हुकूम देऊ शकत नाहीत, पण कंपनीचं उत्तर मिळवायला कामी येतात. त्यानेही नाही झालं तर जिल्हा आयोग, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येतं, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. दावा करायला दोन वर्षं असतात, आणि ईमेल पाठवत राहिल्याने ती वाढत नाहीत, त्यामुळे "बघतो सांगतो" ऐकत बसू नका.

आणि परतावा मंजूर झाला, माणसं फ्रिज न्यायला दारात आली, तर मंजुरी आधी लेखी आली आहे ना ते बघा, कारण फ्रिज एकदा गेला की तुमचा मुख्य पुरावाच गेला. पिकअपच्या पावतीवर नुसतं "एक फ्रिज" नको, सीरियल नंबर लिहून घ्या, चारही बाजूंचे फोटो त्यांच्यासमोरच काढा म्हणजे नंतर "पोचा आलाय, इतके कापले" हे निघत नाही, आणि पावतीचा फोटो त्याच थ्रेडवर लगेच पाठवून द्या.